ऑफिस नसलेल्या कंपनीची ओळख कशी घडवायची: आतल्या पानापासून नोकरीच्या जाहिरातीपर्यंत

ऑफिस असलेल्या कंपनीत नवा माणूस बरंच काही कुणी न सांगता शिकतो. साहेबांच्या केबिनचं दार उघडं असतं की बंद, डबा खायला कोण कुणाबरोबर बसतं, सहा वाजता लोक बॅग उचलतात की घुटमळतात, हे आठवडाभर बघितलं की कंपनीचा स्वभाव कळतो. टीम घरून काम करत असेल तर यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते फक्त लिहिलेलं आणि चॅटवर चाललेलं. म्हणून अशा कंपनीची ओळख घडवायची तर लोगो, घोषवाक्य आणि टी-शर्ट शेवटी येतात. आधी येतं रोजचं काम कसं चालतं हे लिहून काढणं.

'एम्प्लॉयर ब्रँड' हा शब्द टिम अँब्लर आणि सायमन बॅरो यांनी 1996 मध्ये एका लेखात मांडला. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ होता नोकरीतून मिळणारे कामाचे, पैशाचे आणि मनाचे फायदे, आणि लोकांच्या मनात ते त्या कंपनीच्या नावाशी जोडलेले असणं. जाहिरातीचा त्यात उल्लेखही नाही. हे ध्यानात ठेवलं तर पुढची सगळी कामं योग्य क्रमाने होतात.

एक उदाहरण घेऊन चालू. समजा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये नोंदणीकृत पत्ता असलेली 34 जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. मालवाहतूकदारांसाठी गाड्या, डिझेल आणि भाड्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर ती बनवते. 13 जण ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहतात, 6 जण ऐरोली आणि खारघरला, 13 जण नाशिक, सांगली, कोल्हापूर आणि नागपूरला, आणि 2 जण महाराष्ट्राबाहेर. सगळे एकत्र भेटतात वर्षातून एकदा. नवीन माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर तीन महिन्यांत जातात, म्हणून मालकांना 'ब्रँडिंग' करायचं आहे.

पहिलं काम: आत काय चाललंय ते बघा

आठ जणांशी प्रत्येकी अर्धा तास बोला. तीन जण गेल्या सहा महिन्यांत आलेले, तीन जुने, आणि दोन असे की जे ठाण्यापासून सगळ्यात लांब आहेत. बोलणारा माणूस त्यांचा थेट वरिष्ठ नको. 'तुम्हाला कंपनीची संस्कृती कशी वाटते?' असं विचारलं तर 'छान आहे, कुटुंबासारखी आहे' एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा घडलेल्या गोष्टींबद्दल विचारा. गेल्या महिन्यात कुठला निर्णय उशिरा कळला? तो कुणाकडून कळला? कुणालाही न विचारता काय करता येतं? अडलं तर पहिला फोन कुणाला लावता? घरी कुणी विचारलं, ही कंपनी नेमकं काय करते, तर काय सांगता?

एक ते पाच गुण द्यायला लावणारा ऑनलाइन फॉर्म 34 जणांच्या कंपनीत फारसा उपयोगी पडत नाही. नाव न टाकताही 'नाशिक, टेस्टिंग, दोन वर्षं' एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, आणि हे लोकांना पक्कं माहीत असतं. फॉर्म पाठवायचाच असेल तर पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे वेगळे काढायचे नाहीत आणि हे फॉर्मच्या वरच लिहायचं.

बोलण्याच्या जोडीला दोन आठवड्यांचे निर्णय मोजा. कुठलं फीचर आधी, कुणाची रजा, कुठल्या ग्राहकाला सवलत, असे जे जे निर्णय झाले त्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर तो कुठे झाला ते लिहा. आपल्या उदाहरणात 22 निर्णय निघाले असं धरू. त्यातले 9 सगळ्यांना दिसणाऱ्या चॅनेलवर झाले, 8 खासगी मेसेजवर, आणि 5 फोनवर किंवा ठाण्यातल्या चार जणांनी चहाला भेटून. म्हणजे अर्ध्याहून जास्त निर्णय सांगलीतल्या माणसाला दिसलेच नाहीत.

लोक का जातात याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. एकाच शहरात बरेच जण राहत असले की कुणीही न ठरवता आतलं वर्तुळ तयार होतं, 'ठाणेकर' आणि 'बाकीचे'. ते ओळखायची खूण सोपी आहे. लांबचे लोक 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य वारंवार बोलतात, आणि बढती मिळालेल्यांची नावं काढली तर ती एकाच लोकल मार्गावरची निघतात. याला दोन नियम पुरतात, पण ते वरपासून पाळावे लागतात. चहावर झालेली चर्चा लिहून चॅनेलवर पडेपर्यंत निर्णय धरायची नाही. आणि बैठकीत एक जण जरी व्हिडिओवर असेल तर सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनवरून यायचं, एकाच खोलीत बसलेल्यांनीसुद्धा. एका टेबलाभोवती पाच जण आणि भिंतीवरच्या पडद्यावर एक असं झालं की त्या एकाला हशा ऐकू येतो, पण विनोद कळत नाही.

दुसरं काम: चार-पाच वाक्यं, प्रत्येकाची किंमत सांगून

आता जे सापडलं त्यातून कंपनीची ओळख सांगणारी वाक्यं काढा. चार-पाच पुरेत. प्रत्येक वाक्याला एक कसोटी लावा: एखादी शहाणी कंपनी याच्या उलट वागू शकेल का? 'आम्ही प्रामाणिक आहोत' याच्या उलट कुणीच जाहीर करणार नाही, म्हणून ते वाक्य काहीच सांगत नाही. 'आम्ही निर्णय लिहून घेतो' याच्या उलट वागणाऱ्या चांगल्या कंपन्या आहेत. त्या फोनवर पाच मिनिटांत ठरवतात आणि पुढे जातात. म्हणून हे वाक्य ठेवण्यासारखं.

दुसरी कसोटी, या वाक्याची किंमत कोण मोजतं? तेही त्याच दमात लिहा. आपल्या कंपनीची दोन वाक्यं अशी होतील.

'निर्णय आम्ही लिहून घेतो. फोनवर पटकन ठरवायची सवय असेल त्याला पहिले दोन महिने इथे संथ वाटतं.'

'गणपतीच्या आठवड्यात आम्ही नवी आवृत्ती सोडत नाही. त्यामुळे त्याआधीचे पंधरा दिवस कामाचा ताण जास्त असतो.'

दुसरं वाक्य किरकोळ वाटेल, पण कंपनीची खरी ओळख अशाच वाक्यात असते. टीममधले बरेच जण कोकणात गावी जातात, ग्राहक वाहतूकदारांचीही धावपळ त्याच काळात असते, आणि अर्धी टीम प्रवासात असताना सोडलेली आवृत्ती बिघडली तर दुरुस्त करायला माणूस नसतो. सवय आहे, तिला कारण आहे आणि तिची किंमतही ठरलेली आहे. असं वाक्य दुसऱ्या कंपनीला उचलून आपल्या पानावर चिकटवता येत नाही.

जे अजून खरं नाही ते इथे लिहू नका. खासगी मेसेजवर 8 निर्णय होत असतील तर 'आम्ही निर्णय लिहून घेतो' हे आज खोटं आहे. आधी महिनाभर ती सवय लावा, पुन्हा मोजा, 22 पैकी 17-18 निर्णय उघड चॅनेलवर आले की वाक्य लिहा.

तिसरं काम: ही वाक्यं जिथे राहतात ते पान

गिटलॅब ही कंपनी आपली कामाची पद्धत सांगणारं हँडबुक सगळ्या जगाला वाचायला उघडं ठेवते. ते हजारो पानांचं आहे. ते बघून नवे लोक घाबरतात किंवा त्याची नक्कल करायला बसतात. 34 जणांना दहा-बारा पानं पुरतात. कामाच्या वेळा, रजा, निर्णय कसा होतो, अडलं तर काय, पगाराची पातळी कशी ठरते, खर्च कसा परत मिळतो, कोण काय बघतं. प्रत्येक पानावर वरच एका माणसाचं नाव आणि शेवटचं कधी तपासलं ती तारीख. नाव नसलेलं पान सहा महिन्यांत खोटं होतं, कारण नियम बदलतो आणि पान बदलणं कुणाचंच काम नसतं.

निर्णयाची नोंद पाच ओळींची ठेवा, नाहीतर कुणी लिहिणार नाही. प्रश्न काय आहे, कुठले पर्याय होते, निर्णय कोण घेणार, कधीपर्यंत मत द्यायचं, आणि शेवटी काय ठरलं व का. 'का' ही ओळ सगळ्यात जास्त गाळली जाते आणि वर्षभराने तीच सगळ्यात जास्त लागते.

भाषेचं पान वेगळं करा. ठाण्यातल्या टीममध्ये चॅट मराठीत सुरू होतं, मधेच हिंदीवर जातं, तांत्रिक शब्द इंग्रजीत येतात, आणि त्यात आपुलकी असते. पण आपल्या 34 पैकी दोघांना मराठी येत नाही. नियम नसला तर ते दोघं कुणाच्याही वाईट हेतूशिवाय बाहेर पडतात. चालणारा नियम असा: गप्पा कुठल्याही भाषेत, निर्णयाची नोंद आणि ग्राहकाबद्दलची माहिती इंग्रजीत, आणि बैठकीत मराठी न कळणारा एक जरी असला तर बैठक सगळ्यांना कळेल त्या भाषेत. मराठीवर बंदी घालणाऱ्या कंपन्यांमध्ये गप्पाच थांबतात. मग टीमची ओळख होणार तरी कुठे?

आणखी एक पान कायद्याने हवंच. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, 2013 नुसार अंतर्गत समिती नेमावी लागते, आणि तिची माहिती कामाच्या ठिकाणी ठळकपणे लावावी लागते. भिंतच नसेल तर समितीतल्या सदस्यांची नावं, संपर्क आणि तक्रारीची पद्धत हँडबुकच्या पहिल्या पानावरून एका क्लिकवर मिळाली पाहिजे. बाई नव्याने रुजू झाली की ती हे पान उघडून बघते. ते नसलं तर तिला उरलेल्या अकरा पानांवरही विश्वास बसत नाही.

चौथं काम: जाहिरात, आणि 'कंपनी खरी आहे का' या प्रश्नाचं उत्तर

बाहेर पहिला अडथळा पगाराचा किंवा कामाचा नसतो. 'घरबसल्या काम' म्हणून पैसे उकळणाऱ्यांनी इतक्या लोकांना फसवलंय की अनोळखी रिमोट कंपनीचा मेल आला की सांगलीच्या घरात आई-वडील आधी विचारतात, ही कंपनी खरी आहे ना? ऑफिस बघून येण्याची सोय नसते. म्हणून विश्वासाचे पुरावे मांडणं हा इथे ब्रँडचा पहिला भाग आहे.

संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता, 21 अक्षरांचा सीआयएन क्रमांक, फोन, ईमेल आणि संपर्कासाठी एका माणसाचं नाव द्या. कंपनी कायद्याखालचे नियम हे मागतातच, पण छोट्या कंपन्या गाळतात. सीआयएन दिला की उमेदवार कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव पडताळू शकतो. उमेदवारांना मेल स्वतःच्या डोमेनवरूनच जाऊ दे, जीमेलवरून नको. मुलाखतीत आपला कॅमेरा आधी चालू करा. आणि जाहिरातीत स्पष्ट लिहा की नोकरीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा लॅपटॉपसाठी आम्ही एक रुपयाही मागत नाही.

शीर्षकात 'वर्क फ्रॉम होम' हे शब्द टाकले तर फक्त घरी बसायला मिळतंय म्हणून अर्ज करणाऱ्यांचे ढीग येतात. पदाचं नाव आधी, कामाची पद्धत नंतर. आता जाहिरातीचा मजकूर. सहसा असा असतो: 'झपाट्याने वाढणाऱ्या, तरुण, उत्साही टीममध्ये सामील व्हा. लवचिक वेळ. आकर्षक पगार.' यातलं एकही वाक्य आतल्या पानांवर सापडत नाही. त्याऐवजी आपली कंपनी असं लिहील:

'सपोर्ट इंजिनिअर. वाहतूकदारांचे फोन आणि मेल घेऊन हिशेबातल्या चुका शोधायच्या. दिवसाला साधारण 12 ते 15 तक्रारी. काम घरून. सकाळी 11 ते दुपारी 4 सगळ्यांनी ऑनलाइन असायचं, उरलेले तीन तास तुम्ही ठरवा. महिन्यातून एक शनिवार पाळी, बदली सुट्टी त्याच आठवड्यात. पगार वर्षाला 6 ते 7.5 लाख. लॅपटॉप कंपनीचा, इंटरनेटसाठी महिना 1,000 रुपये. वर्षातून एकदा दोन दिवस ठाण्याला यावं लागतं. तिकीट आणि राहणं आम्ही आधीच बुक करतो. अवघड काय: मार्चअखेरीस ग्राहक चिडलेले असतात, आणि शेजारी बसून विचारायला कुणी नसतं, प्रश्न लिहून विचारावा लागतो. दोन मुलाखती आणि दोन तासांचं एक काम, त्याचे 1,500 रुपये देतो. दहा दिवसांत हो किंवा नाही कळवतो.'

अर्ज कमी येतात. ते ठीक आहे, कारण आलेले अर्ज वाचायला माणसं तेवढीच आहेत. पगाराचा आकडा टाकायला मालक बहुधा कचरतात, आतल्या लोकांना कळेल म्हणून. ती भीती खरी असेल तर आतल्या पगारात कुठेतरी विसंगती आहे. आधी ती दुरुस्त करा, जाहिरात मग.

छापण्याआधी दोन रकान्यांचा कागद करा. डावीकडे जाहिरातीतलं प्रत्येक वाक्य, उजवीकडे ते हँडबुकच्या कुठल्या पानावर आहे. उजवा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य काढा किंवा आधी आत तो नियम करा. 'दहा दिवसांत कळवतो' हे वाक्य सगळ्यात आधी मोडतं, कारण नकार लिहायचं काम कुणाला नको असतं. एका माणसाच्या नावावर ते टाका.

पाचवं काम: पहिले तीस दिवस

जाहिरातीने जे कबूल केलं त्याची परीक्षा इथे होते. लॅपटॉप रुजू होण्याच्या दिवसाआधी पोहोचायला हवा. कुरिअरला जिल्ह्याच्या गावापलीकडे दोन-तीन दिवस जास्त लागतात, हे धरून पाठवा. पहिल्या दिवशी सगळे लॉगिन चालू असावेत. नव्या माणसाच्या सोबतीला एक जण नेमा. तो त्याच्या टीमबाहेरचा, शक्यतो ठाण्याबाहेरचा, म्हणजे लांबून काम कसं करायचं हे तो स्वतः जाणतो. पहिले दोन आठवडे रोज वीस मिनिटं, नंतर आठवड्यातून दोनदा.

पहिल्या आठवड्यात नव्या माणसाने हँडबुकमधली एक चूक शोधून स्वतः दुरुस्त करावी. चूक सापडतेच. त्यातून दोन गोष्टी होतात: पान ताजं राहतं, आणि इथे लिहिलेलं बदलण्याचा हक्क आपल्यालाही आहे हे त्याला सांगावं लागत नाही.

तिसाव्या दिवशी त्याच्यासमोर त्याने वाचलेली जाहिरात ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: यातली कुठली ओळ जुळली नाही? बहुतेक जण आधी 'सगळं बरोबर आहे' म्हणतात. मग एकेक ओळ वाचून विचारा. 'उरलेले तीन तास तुम्ही ठरवा' यावर तो थांबला आणि म्हणाला की रात्री नऊला मेसेज येतात आणि सगळे लगेच उत्तर देतात, तर दोष त्या ओळीत नाही, सवयीत आहे. रात्रीच्या मेसेजला सकाळी 11 पर्यंत उत्तर नको हे हँडबुकमध्ये लिहा, आणि मालकांनी आपले मेसेज सकाळच्या वेळेला लावून पाठवावेत. मालकांचाच मेसेज रात्री आला तर लिहिलेल्या नियमाला अर्थ उरत नाही.

वर्षातली भेट

दोन दिवस मिळतात, त्यात सादरीकरणं नकोत. ती व्हिडिओवर होतात. भेटीत करायचं ते लिहून न होणारं काम: दोन टीममधलं अडकलेलं भांडण सोडवणं, पुढच्या वर्षी काय करायचं नाही हे ठरवणं, आणि एकत्र जेवणं. जून ते सप्टेंबर टाळा. मध्य रेल्वे पावसात अडकली की कोल्हापूरहून आलेला माणूस कल्याणलाच बसून राहतो. जानेवारी-फेब्रुवारी बरा. खर्च नंतर परत देऊ असं म्हणू नका. कमी पगाराच्या माणसाला आधी तिकिटाचे पैसे घालायला लावलं की तो यायचं टाळतो आणि कारण वेगळं सांगतो.

परीक्षणं आणि मोजणी

ग्लासडोअर आणि अँबिशनबॉक्सवर पाच तारे द्या असं टीमला सांगू नका. एकाच आठवड्यात आलेली दहा एकसारखी परीक्षणं उमेदवाराला लगेच ओळखू येतात, आणि ज्यांना लिहायला लावलं ते मनातून दुरावतात. वाईट परीक्षण आलं तर काय बदललं ते तारखेसह उत्तरात लिहा. बदललं नसेल तर थांबा, आधी बदला.

34 जणांत टक्केवारी फसवते. एक माणूस गेला की आकडा तीन टक्क्यांनी हलतो. म्हणून माणसं मोजा. दर तिमाहीला तीन नोंदी पुरतात. किती जणांनी आमची ऑफर नाकारली आणि का. तीन महिन्यांच्या आत कोण गेलं आणि जाहिरातीतल्या कुठल्या ओळीमुळे. आणि आतल्या किती जणांनी मित्राला किंवा भावाला इथे अर्ज करायला सांगितलं. तिसरा आकडा सलग दोन तिमाही शून्य राहिला तर नवी जाहिरात लिहायला बसू नका. पुन्हा आठ जणांना फोन लावा, आणि या वेळी सुरुवात ठाण्यापासून सगळ्यात लांब राहणाऱ्यापासून करा.